भविष्य निर्वाह निधी पासबुक

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या सदस्याचे खातेपुस्तक. आता ते ऑनलाइन दिसते. जमेचे रकाने तीन: कर्मचारी हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. मालकाचा आकडा कमी दिसला की अनेकांना आपण फसवले गेलो असे वाटते. बहुधा तसे नसते. समजा, २०१४ पूर्वीपासूनच्या सदस्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये आहेत. त्याचे १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, पहिल्या रकान्यात येतात. मालकही २,४०० भरतो, पण त्यांतले १,२५० रुपये (१५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के) पेन्शनकडे वळतात आणि दुसऱ्या रकान्यात १,१५० उरतात. पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नाही.

इतर दोन रकान्यांवरील व्याज दरमहाच्या शिलकेवर मोजले जाते, पण नोंद वर्षअखेरीची एकच असते. ती उशिरा दिसली, तरी व्याज बुडत नाही. काढलेली रक्कम त्या-त्या हिश्शातून वजा दिसते आणि पुढच्या महिन्यांचे व्याज उरलेल्या शिलकेवर चालते. मार्चच्या पगाराची वर्गणी एप्रिलमध्ये भरली जाते. म्हणून पगारपत्रकाशी ताळा करताना भरण्याची तारीख नव्हे, वेतनाचा महिना पाहावा. पगारातून कपात झालेला महिनाच पासबुकात नसेल, तर मात्र मालकाला जाब विचारावा.