तळटीप ७ : ‘न पकडलेला अपवाद’

७. अपवाद म्हणजे एक्सेप्शन. फंक्शनला काम पुढे नेता आले नाही की ते तिथेच थांबते आणि चूक त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे जाते. त्या फंक्शनने हे बोलावणे `try` मध्ये घातले असेल आणि जोडीला त्या जातीची चूक पकडणारा `catch` असेल, तर प्रवास संपतो. नाहीतर तेही अर्ध्यावर सुटते आणि चूक आणखी वर चढते. शेवटपर्यंत कोणी पकडली नाही, तर प्रोग्रॅमच बंद पडतो.

येथे संदर्भ ४ जून १९९६ रोजी नष्ट झालेल्या एरियान ५ रॉकेटचा आहे. त्याचे सॉफ्टवेअर एडा भाषेत होते; तिथे `catch` ऐवजी `exception` विभाग लिहितात, चाल तीच. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवायची होती. ती ३२,७६७ च्या पुढे गेली आणि अपवाद उठला. तो पकडण्याची सोय त्या ओळीला नव्हती, त्यामुळे दिशादर्शक संगणक बंद झाला. राखीव संगणक त्याच्या क्षणभर आधीच गेला होता, कारण त्यातही हाच प्रोग्रॅम होता. आणि गंमत अशी, की उड्डाणानंतर त्या आकडेमोडीचा एरियान ५ ला काही उपयोगच नव्हता.