सातारकरांना रोख, सांगलीकरांना शेअर : दोन बँकांच्या विलीनीकरणाची आणि एका करतत्त्वाची कथा

१/
कृष्णाकाठच्या दोन शहरांतील दोन बँका अवघ्या साडेसहा महिन्यांच्या अंतराने इतिहासजमा झाल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ३ ऑक्टोबर २००६ रोजी आयडीबीआयमध्ये विलीन झाली, तर सांगलीची सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआय बँकेत. ठेवीदारांच्या दृष्टीने दोन्ही घटना सारख्याच होत्या : पाटी बदलली, पासबुक बदलले. भागधारकांच्या बाबतीत मात्र कायद्याने दोन शहरांना दोन वेगळे न्याय लावले. ते का, हे या धाग्यात पाहू.

२/
आधी साताऱ्याकडे वळू. १९३६ साली स्थापन झालेल्या या बँकेचे भांडवल थकीत कर्जांनी पोखरले होते. २ सप्टेंबर २००६ रोजी तिच्यावर स्थगिती लादली गेली आणि खात्यातून दहा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. त्यानंतर महिनाभरातच केंद्र सरकारने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली विलीनीकरणाची योजना मंजूर केली. भागधारकांची संमती घेण्याची अट या कलमात नाही. प्रत्येक शेअरमागे २८ रुपये रोख मिळतील, असे ठरले. म्हणजे पैसे हाती आले आणि बँकेशी असलेले मालकीचे नाते त्याच क्षणी संपले.

३/
सांगलीची गोष्ट निराळी होती. १९१६ साली स्थापन झालेल्या सांगली बँकेचे विलीनीकरण त्याच कायद्याच्या कलम ४४अ खाली, म्हणजे स्वेच्छेने झाले. या मार्गात दोन्ही बँकांच्या भागधारकांच्या सभेत योजना मांडावी लागते, उपस्थितांपैकी बहुसंख्यांनी आणि मूल्याच्या हिशेबाने दोन तृतीयांशांनी ती मान्य करावी लागते, आणि मग रिझर्व्ह बँकेची मंजुरी मिळते. ठरलेले प्रमाण असे होते : सांगली बँकेच्या ९२५ शेअरच्या बदल्यात आयसीआयसीआय बँकेचे १०० शेअर. सांगलीकर भागधारकाच्या हाती रोख रक्कम आली नाही, दुसरा कागद आला.

४/
आता कराचा प्रश्न. एखादी भांडवली मालमत्ता 'हस्तांतरित' झाली आणि तिच्यात नफा झाला, तर त्यावर कर, हे आयकर कायद्याचे सूत्र. मग विलीनीकरणात जुना शेअर नाहीसा होतो, ते हस्तांतर मानायचे का? सर्वोच्च न्यायालयाने यावर दोनदा दोन उत्तरे दिली. १९८९ साली रसिकलाल माणेकलाल प्रकरणात न्यायालय म्हणाले की यात ना अदलाबदल आहे, ना हक्कत्याग, म्हणून हे हस्तांतरच नव्हे. २००१ साली ग्रेस कॉलिस प्रकरणात मात्र ठरले की भागधारकाचे जुन्या कंपनीतील हक्क नष्ट होतात, आणि हक्क नष्ट होणे हेही हस्तांतरच आहे.

५/
आपल्या दोन्ही बँका या दुसऱ्या निकालानंतर विलीन झाल्या, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे सातारा असो वा सांगली, हस्तांतर दोन्हीकडे झाले. फरक एवढाच की सांगलीसाठी कायद्यात सूट होती आणि सातारकर तिच्याबाहेर राहिले. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४७(सात) म्हणते : विलीन होणाऱ्या कंपनीचे शेअर देऊन त्याच्या मोबदल्यात, विलीन करून घेणाऱ्या भारतीय कंपनीचे शेअर मिळाले, तर ते करासाठी हस्तांतर धरायचे नाही. मोबदला शेअरचा हवा. रोख मिळाली तर हे दार बंद.

६/
अशी सूट का दिली असावी? सांगलीच्या एका काल्पनिक भागधारकाचा हिशेब मांडला की उत्तर आपोआप मिळते. समजा, त्याने ९२५ शेअर प्रत्येकी १० रुपयांना घेतले होते. खर्च ९,२५० रुपये. बदल्यात मिळाले आयसीआयसीआयचे १०० शेअर. हिशेबाच्या सोयीसाठी त्यांचा भाव ८५० रुपये धरू, म्हणजे किंमत ८५,००० रुपये. कागदावरचा नफा ७५,७५० रुपये. त्यावर वीस टक्क्यांनी कर लावला असता, तर १५,१५० रुपये भरावे लागले असते. आणि हाती आलेली रोकड किती? शून्य.

७/
म्हणजे हा कर भरण्यासाठी त्याला नव्याने मिळालेल्या शंभरातील अठरा शेअर लगोलग विकावे लागले असते. त्याने विक्रीचा निर्णय घेतलेला नव्हता, त्याची गुंतवणूक अद्याप बँकेच्या धंद्यातच होती, केवळ बँकेचे नाव आणि आकार बदलला होता. 'करतटस्थता' म्हणतात ती हीच : धंद्याची रचना बदलली पण मालकाने पैसे काढून घेतले नाहीत, तर कराने मध्येच हात पसरू नये. साताऱ्यात ही अडचणच नव्हती. तिथे मालकी संपली होती आणि कर भरायला रोकड हाती होती.

८/
परंतु येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. तटस्थता म्हणजे माफी नव्हे. नव्या शेअरचा खर्च किती धरायचा, याचे उत्तर कलम ४९(२) देते : जुन्या शेअरचा होता तोच. आपल्या सांगलीकराच्या १०० शेअरचा खर्च ८५,००० धरला जात नाही, तो ९,२५० च राहतो. म्हणजे शेअरमागे ९२ रुपये ५० पैसे. उद्या तो विकायला निघाला की दडलेला जुना नफा त्या ९२.५० च्या आधारे बाहेर येतो. मालकीचा काळही जुन्या खरेदीपासून मोजला जातो. थोडक्यात, कायदा नफा पुसत नाही, पुढच्या पानावर नेतो.

९/
निदान कागदावरची कल्पना तशी होती. इतिहासाने तिला एक वळण दिले. २००४ ते २०१८ या काळात शेअर बाजारात रोखे व्यवहार कर भरून विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. म्हणून ज्या सांगलीकराने विलीनीकरणानंतर, समजा २०१० साली, हे शेअर बाजारात विकले, त्याचा पुढे ढकललेला कर कायमचाच टळला. सातारकराला मात्र योजनेतून आलेले २८ रुपये बाजारातील विक्रीचे नसल्याने त्या करमुक्तीचाही आधार नव्हता. १० रुपयांना घेतलेल्या ५०० शेअरवर त्याला १४,००० रुपये मिळाले असतील, तर ९,००० रुपयांचा नफा त्याच वर्षी करपात्र ठरला.

१०/
यावरून सातारकराचे केवळ नुकसानच झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ज्याने तोच शेअर ४० रुपयांना घेतला होता, त्याला २८ रुपयांत १२ रुपयांचा तोटा झाला. रोख मिळाल्याने हा तोटा कायद्याच्या नजरेत पक्का झाला, आणि दुसऱ्या भांडवली नफ्यातून तो वजा करता आला. शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले असते, तर तोटाही नफ्याप्रमाणेच गोठला असता. तटस्थता दोन्ही बाजूंनी तटस्थ असते, हे अनेकदा विसरले जाते.

११/
आणखी एक बारकावा. कर दोन पातळ्यांवर लागू शकतो : बँकेने आपली मालमत्ता दुसऱ्या बँकेला दिली त्यावर, आणि भागधारकाने आपला शेअर दिला त्यावर. कलम ४५ खालील सक्तीच्या विलीनीकरणात बँकेच्या पातळीवरची सूट २००५ साली कायद्यात आली होती. म्हणून साताऱ्याच्या व्यवहारात संस्थेला तटस्थता लाभली, भागधारकाला नाही. एकाच विलीनीकरणाची दोन टोके कायदा वेगवेगळी तपासतो. 'विलीनीकरण करमुक्त होते' असे वाक्य कुठे वाचले, तर कोणाला करमुक्त, हा प्रश्न आधी विचारावा.

१२/
शेअर दिले म्हणजे झाले, असेही नाही. विलीनीकरणाच्या व्याख्येत बसण्यासाठी सर्व मालमत्ता आणि सर्व देणी नव्या कंपनीकडे जावी लागतात, आणि मूल्याच्या हिशेबाने किमान तीन चतुर्थांश शेअर असणारे भागधारक नव्या कंपनीत भागधारक म्हणून यावे लागतात. १९९९ च्या वित्त कायद्यापूर्वी ही अट नऊ दशांशाची होती. उरलेल्यांना रोख देता येते, पण त्या रोख घेणाऱ्यांना सूट नाही. सांगलीसारख्या विलीनीकरणातही ज्याने विरोध नोंदवून रिझर्व्ह बँकेने ठरवलेली किंमत घेतली, किंवा ज्याला अपूर्णांक शेअरचे पैसे मिळाले, तो तेवढ्यापुरता सातारकराच्याच रांगेत उभा राहतो.

१३/
विभाजनाचे, म्हणजे डीमर्जरचे काय? येथे उलट घडते. जुना शेअर हातात राहतो आणि वर नवा मिळतो. अमेरिकेत १९१५ साली ड्यू पाँ कंपनीची पुनर्रचना झाली, तेव्हा भागधारकांना एका जुन्या शेअरमागे नव्या कंपनीचे दोन शेअर मिळाले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२१ साली फेलिस प्रकरणात ते उत्पन्न ठरवून करपात्र मानले. वर मिळालेला कागद लाभांशासारखा दिसतो, हा धोका आपल्याकडेही होता. १९९९ साली विभाजनाची व्याख्या आयकर कायद्यात आली, तेव्हा असे शेअरवाटप लाभांशाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आले.

१४/
विभाजनात खर्च मात्र वाटला जातो. समजा, जुन्या शेअरचा खर्च १,००० रुपये आहे, कंपनीची निव्वळ संपत्ती १०० कोटी आहे आणि वेगळ्या काढलेल्या धंद्याची पुस्तकी निव्वळ किंमत ३० कोटी आहे. मग ३०० रुपये नव्या शेअरचा खर्च आणि ७०० जुन्याचा. बाजारभावाचा येथे संबंध नाही. नवा शेअर बाजारात जुन्याहून महाग असला, तरी वाटणी पुस्तकी प्रमाणातच होते. हे प्रमाण कंपनी जाहीर करते. ते न पाहता 'फुकट मिळालेला शेअर' म्हणून खर्च शून्य धरला की जास्त कर भरला जातो, आणि जुन्याचा खर्च पुरता १,००० धरला की कमी.

१५/
वर दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले, तत्त्व टिकून आहे. त्यामुळे घरात सांगली बँकेचे जुने प्रमाणपत्र किंवा खरेदीची पावती सापडली, तर ती रद्दीत टाकू नका. २०१८ पासून दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आला, आणि ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव खर्च म्हणून धरण्याची सवलत त्या दिवसापर्यंत घेतलेल्या शेअरना मिळाली. तेव्हा शेअर कधी आणि कितीला आले, याचा पुरावा त्या कागदातच आहे.

१६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट विशेष वाटते. साताऱ्याची आणि सांगलीची बँक संपली ती जवळपास एकाच हंगामात. पण कर कायद्याच्या दृष्टीने सातारकर भागधारकाची मालकी २००६ साली खरोखर संपली, आणि सांगलीकराची संपलीच नाही. ९२ रुपये ५० पैशांच्या रूपाने त्याची जुनी सांगली बँक एका परक्या शेअरच्या हिशेबात जिवंत राहिली, तो शेअर विकला जाईपर्यंत.