समान मते पडली तर : समितीच्या निवडणुकीत चिठ्ठी काढण्याची पद्धत

विहार समिती किंवा जयंती मंडळ यांच्या निवडणुकीत मतदार शंभराच्या आसपास असतात. अशा ठिकाणी दोन उमेदवारांना सारखी मते पडणे नवलाचे नाही. मग चिठ्ठी काढतात. वाद चिठ्ठीमुळे होत नाही, तर चिठ्ठीचा नियम आधी लिहिलेला नसतो म्हणून होतो.

वर्तमानपत्रे या पद्धतीला 'ईश्वरचिठ्ठी' म्हणतात. आम्ही 'सोडत' म्हणतो. येथे कोणाचा कौल लागत नाही. दोघांना सारखी संधी देऊन निकाल लावणे एवढाच तिचा अर्थ आहे.

निघालेली चिठ्ठी जिंकते की हरते?

पहिला नियम हाच लिहावा, कारण दोन्ही पद्धती प्रत्यक्षात आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 65 नुसार, ज्याच्या बाजूने सोडत निघते त्याला एक जादा मत मिळाले असे धरतात. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना प्रत्येकी 5,946 मते होती. चिठ्ठी शहांची निघाली आणि ते विजयी झाले.

याच्या उलट फेब्रुवारी 2024 मध्ये हिमाचल प्रदेशात घडले. राज्यसभेच्या जागेसाठी अभिषेक मनू सिंघवी आणि हर्ष महाजन यांना 34-34 मते पडली. चिठ्ठी सिंघवींची निघाली, पण ते पराभूत ठरले, कारण निघालेले नाव बाद करायचे असा अर्थ तेथे लावला गेला. सिंघवी या अर्थाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. राज्यसभेच्या निवडणुकीत असे होऊ शकते, तर आपल्या समितीने हे वाक्य तोंडी ठेवू नये.

माजरीचे उदाहरण

समजा, माजरीतील एका विहार समितीच्या 7 जागांसाठी 9 उमेदवार आहेत. सहा जण स्पष्ट निवडून आले. सातव्या जागेसाठी दोघांना 41-41 मते आहेत. आता क्रम असा ठेवावा.

1. आधी फेरमोजणी करावी. बाद मतपत्रिकांवरील आक्षेप याच वेळी निकाली काढून दोन्ही उमेदवारांच्या सह्या घ्याव्यात. चिठ्ठी निघाल्यावर फेरमोजणी मागितली, तर हरणारा प्रत्येक जण ती मागेल.

2. एकाच कागदाचे सारखे दोन तुकडे कापून एकाच पेनाने नावे लिहावीत. ती सर्वांना दाखवून सारख्या घड्या घालाव्यात आणि रिकामा दाखवलेल्या, आतले न दिसणाऱ्या डब्यात टाकाव्यात.

3. चिठ्ठी काढणारी व्यक्ती कोणत्याही उमेदवाराची नातेवाईक नसावी. एखादे लहान मूल चालते. डबा हलवण्याचे काम दुसऱ्याने करावे.

4. निघालेली चिठ्ठी मोठ्याने वाचावी आणि लगेच उरलेली चिठ्ठीही उघडून दाखवावी. ही पायरी बहुतेक ठिकाणी राहून जाते. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव होते, ही शंका फक्त यानेच मिटते.

5. दोन्ही चिठ्ठ्या इतिवृत्ताला जोडाव्यात. निवडणूक अधिकारी, दोन्ही उमेदवार आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या घ्याव्यात. एखाद्याने सही नाकारली तर तसे लिहावे. त्यामुळे निकाल थांबत नाही.

तिघांना सारखी मते असून जागा दोनच असतील, तर तीन चिठ्ठ्या टाकून दोन काढाव्यात. तिसरीही उघडावी.

घटनेत लिहायचा मजकूर

"शेवटच्या जागेसाठी दोन किंवा अधिक उमेदवारांना समान मते पडल्यास एकदा फेरमोजणी होईल. मते समानच राहिल्यास निवडणूक अधिकारी त्याच सभेत, सर्वांसमक्ष सोडत काढतील. ज्याची चिठ्ठी निघेल तो निवडून आला असे समजले जाईल. सोडतीनंतर फेरमोजणी होणार नाही."

हा मजकूर उमेदवारी अर्ज घेण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत वाचून मंजूर करावा. उमेदवार कोण हे ठरण्याआधी नियम कोणाच्या फायद्याचा हे कोणालाच माहीत नसते, म्हणून तो सहज मान्य होतो. प्रत्येक अर्जावर 'हा नियम मान्य आहे' अशी ओळ छापावी. संस्थेच्या घटनेत वेगळी तरतूद आधीच असेल तर तीच चालेल. बदलायची असल्यास रीतसर घटनादुरुस्ती करावी. सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्तांच्या बदलाचा अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्या वेळी हेच इतिवृत्त उपयोगी पडते.

सोडत कुठे चालत नाही

मतदार यादीवरच वाद असेल, तर सोडतीने तो मिटत नाही. तो मतदानापूर्वी सोडवावा. ठरावावर समान मते पडली, तरीही चिठ्ठी काढू नये. घटनेत अध्यक्षांना निर्णायक मत दिलेले नसेल तर ठराव नामंजूर समजावा. सोडत दोन पात्र माणसांपैकी एक निवडते, दोन मतांपैकी बरोबर कोणते हे ती ठरवू शकत नाही. अध्यक्ष स्वतः उमेदवार असतील, तर निर्णायक मताने स्वतःला निवडून आणण्याची वाट नियमातच बंद ठेवावी.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की भिक्खू संघाला मतमोजणीचे आणि गुप्त मतदानाचे नियम माहीत होते. आपल्या समितीचा हा एक परिच्छेदही पुढच्या निवडणुकीआधी वहीत लिहिलेला असावा.