मोबाइलवर मराठी सबटायटल स्पष्ट दिसण्यासाठी फॉन्ट, आकार आणि आउटलाइन कशी निवडावी?

समजा, पुराच्या रीलवर तुम्ही सबटायटल देताय: ‘धरण भरलं, घरं रिकामी करा.’ यात ‘ध’ आणि ‘भ’ ही अक्षरं ‘घ’ आणि ‘म’पासून वेगळी ओळखू येतात, ती मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीमुळे. ही फट बुजली की ‘धरण’चं ‘घरण’ आणि ‘भरलं’चं ‘मरलं’ दिसतं. म्हणून ही फट टिकते का, हीच सबटायटलची खरी कसोटी.

फॉन्ट कोणता?
मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी हे साधे, मोकळ्या घडणीचे मोफत फॉन्ट चालतील. जाडी मीडियम किंवा सेमीबोल्ड ठेवा. अतिजाड अक्षरांत फट आणि पोकळ्या आधीच अरुंद झालेल्या असतात. फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं तशीच दिसत असतील, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही आणि ॲप परस्पर दुसराच फॉन्ट वापरतंय, असं समजा. अक्षरांमधलं अंतर (लेटर स्पेसिंग) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते.

आकार किती?
उभ्या रीलची रुंदी 1080 पिक्सेल असते आणि फोनचा स्क्रीन साधारण 6.5 ते 7 सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे 16 पिक्सेल. शिरोरेषेखालचं अक्षर 40 पिक्सेल उंच असेल, तर फोनवर ते अडीच मिलिमीटर दिसेल. तेवढं पुरे. ॲपमधल्या आकड्यावर विसंबू नका, कारण एकाच आकड्याला वेगवेगळे फॉन्ट लहानमोठे दिसतात. ओळीही मोकळ्या ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडणार नाही.

आउटलाइन कशी?
पांढरं अक्षर आणि 3 ते 4 पिक्सेलची काळी आउटलाइन घ्या. ती अक्षराच्या बाहेर पसरायला हवी. काही ॲप ती कडेवर मध्यभागी काढतात. तिथे 8 पिक्सेलची आउटलाइन अक्षराच्या रेषेतून दोन्ही बाजूंनी 4-4 पिक्सेल खाते. 9 पिक्सेलच्या रेषेत मग एकच पिक्सेल पांढरा उरतो. काही ॲप प्रत्येक अक्षराला स्वतंत्र आउटलाइन देतात, तेव्हा शिरोरेषेवर काळे उभे काप दिसतात. अशा वेळी आउटलाइन काढून टाका आणि मजकुरामागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या.

लाल किंवा निळी अक्षरं टाळा. व्हिडिओ कॉम्प्रेस होताना उजेड-अंधाराच्या तुलनेत रंगाचा तपशील सहसा कमी साठवला जातो, त्यामुळे बारीक रंगीत कडा पुसट होतात.

तपासणी
एडिटरमधल्या प्रिव्ह्यूवर थांबू नका. तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, ब्राइटनेस कमी करा आणि फोन हातभर लांब धरून पाहा. ‘धरण’ आणि ‘घरं’ यांतला फरक अंदाज न बांधता दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर आधी जाडी एक पायरी कमी करा, मग आकार वाढवा. आउटलाइनला सगळ्यात शेवटी हात लावा.