वयपरिणाम, कालपरिणाम व पिढीपरिणाम

दीर्घकाल चालणाऱ्या मतसर्वेक्षणांत दिसणारा फरक तीन कारणांनी संभवतो : माणसाचे वय वाढते तसे त्याचे मत पालटते, हा वयपरिणाम, महागाई वा युद्ध यांसारखी घटना त्या वर्षी लहानथोर सर्वांनाच एका दिशेने ढकलते, हा कालपरिणाम, आणि विशिष्ट वर्षांत जन्मलेल्यांच्या मनावर कोवळ्या वयात उमटलेला ठसा जन्मभर टिकतो, हा पिढीपरिणाम.

रॉनल्ड इंगलहार्ट यांनी पश्चिम युरोपातील सहा देशांत १९७० साली केलेल्या पाहणीचा दाखला येथे उद्बोधक आहे. देशातील सुव्यवस्था, शासनाच्या निर्णयांत लोकांना अधिक वाव, भाववाढीला आळा आणि भाषणस्वातंत्र्य या चारांतून दोन उद्दिष्टे निवडावयास सांगितली असता, सुव्यवस्था व भाववाढ निवडणाऱ्या भौतिकवाद्यांचे प्रमाण वृद्धांत फार मोठे, तर उरलेली दोन निवडणाऱ्या उत्तरभौतिकवाद्यांचे तरुणांत तुलनेने अधिक आढळले. परंतु हे तरुणही संसारात पडल्यावर वडिलांसारखेच होणार नाहीत कशावरून, याचा निवाडा एकाच वर्षाच्या तक्त्यातून होणे शक्य नव्हते. म्हणून तोच प्रश्न पुढे वर्षानुवर्षे विचारून १९४६ ते १९५५ या काळात जन्मलेल्यांची १९७० मधील, म्हणजे साधारण १५ ते २४ वर्षांच्या वयातील, उत्तरे त्याच जन्मवर्षांच्या लोकांच्या पस्तिशी-चाळिशीतील उत्तरांशी ताडून पाहिली, तेव्हा उत्तरभौतिकवादाचे प्रमाण दाखविणाऱ्या पिढीपिढीच्या रेषा खाली न कलता बहुतांशी समपातळीत राहिल्या. भाववाढ तीव्र झाली की मात्र त्या साऱ्या एकदम उतरत आणि ती ओसरली की पुन्हा चढत.

समपातळीतील रेषा म्हणजे वयाचा परिणाम शून्य, असा निष्कर्ष सहज सुचतो, पण तो सिद्ध नव्हे. कारण सर्वेक्षणाच्या वर्षातून वय वजा केले की जन्मवर्ष हाती येते, आणि त्यामुळे वयाच्या प्रत्येक वर्षामागे एक गुण वाढवून, सर्वेक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे एक घटवून व जन्मवर्षामागे पुन्हा एक वाढविला तरी कोणत्याही उत्तरदात्याच्या बेरजेत यत्किंचितही फरक पडत नाही. वय रेषेला जितके खाली ओढत असेल तितकीच वाढती समृद्धी तिला वर उचलत असेल, तरीही तोच आलेख निघेल. संख्याशास्त्राची कोणतीही करामत ही कोंडी आकड्यांच्याच बळावर फोडू शकत नाही. तिन्हींपैकी एकाच्या सरळ कलाविषयी बाहेरून काही गृहीत धरावेच लागते, आणि ते गृहीत उघड मांडणे हे संशोधकाचे कर्तव्य होय. सरळ कलापासून होणारी विचलने मात्र, म्हणजे भाववाढीच्या वर्षांतील एकाएकी आलेले उतार, या संदिग्धतेच्या बाहेर असतात.

तथापि त्या चढउतारांचा अर्थही प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून असतो. हॅरॉल्ड क्लार्क व नितीश दत्त यांनी १९९१ साली दाखविले की चार पर्यायांत भाववाढ आहे, बेरोजगारी नाही. त्यामुळे १९८० नंतर भाव स्थिरावून बेकारी वाढली, तेव्हा नोकरीच्या विवंचनेत असलेल्या माणसालाही आपली चिंता नोंदविण्यास जागा उरली नाही, त्याने भाववाढीऐवजी उरलेल्यांतून काही निवडले, आणि त्याची गणना उत्तरभौतिकवादाकडे झुकलेल्यांत झाली.