विसर्जनाचे बोल (घरगुती गणपती)
घरगुती गणपतीला निरोप देताना कुटुंबाने म्हणायचे साधे शब्द. उत्तरपूजेतील संस्कृत श्लोकात देवाने पूजा स्वीकारून स्वस्थानी जावे व पुन्हा यावे, अशी विनंती असते. लहान मुलांच्या तोंडी तो सहसा बसत नाही. तोच आशय मराठीत असा सांगता येतो : ‘बाप्पा, आमच्या घरी आलात, मोदक खाल्लेत. काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. आता सुखानं जा, पुढच्या वर्षी लवकर या.’ अक्षता वाहून, मूर्तीच्या हातावर दही ठेवून ती जागेवरून किंचित हलवतात. त्याआधीच, घर शांत असताना, हे बोल मुलांकडून म्हणवून घ्यावेत. पाण्याकाठच्या गलबल्यात ‘मोरया’च्या गजराशिवाय काही ऐकू येत नाही.