शून्यापासूनचं बजेट: एका शब्दाची कुळकथा

मुरबाडच्या एमआयडीसीत डिसेंबर-जानेवारीचे दिवस बजेटचे असतात. मार्चअखेर वर्ष संपतं, त्याआधी प्रत्येक विभागाला पुढच्या वर्षाचा ‘एओपी’, म्हणजे वार्षिक खर्च-कामाचा आराखडा, वर पाठवायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो एका संध्याकाळी तयार होतो. गेल्या वर्षीची शीट उघडायची, शेजारी नवा रकाना घालायचा आणि सगळ्या आकड्यांवर आठ टक्के चढवायचे. कधीतरी मुंबईच्या हेड ऑफिसातून फर्मान येतं, की यंदा टक्के चढवायचे नाहीत, यंदा झिरो-बेस. मग महिनाभर विभागप्रमुखाच्या टेबलावरची फाइल हलत नाही.

हा शब्द सिद्धगडच्या पायथ्याच्या गावांत काढला तर वेगळाच घोटाळा होतो. तिथे ‘झिरो बजेट’ म्हणजे सुभाष पाळेकरांची शेती, विकतचं खत-औषध न घेता केलेली. कारखान्यातल्या झिरो-बेसचा बिनखर्चाशी संबंध नाही. इथे खर्च शून्य नसतो, शून्यावर असतं ते गृहीतक. गेल्या वर्षी मिळाले म्हणून यंदा मिळतील, हे धरायचं नाही. पहिल्या रुपयापासून कारण सांगायचं.

टक्के चढवण्याची रीत जुनी आहे, आणि ती केवळ आळसातून आली असं मला वाटत नाही. पेशव्यांच्या हुजूर दप्तरात ‘फड’ आणि ‘बेहेडा’ अशा शाखा होत्या. फडात रोजच्या नोंदी व्हायच्या, बेहेड्यात त्यांवरून जमाखर्च एकत्र मांडून पुढचा अजमास बांधला जायचा. अजमासाला आधार मागच्या सालांचाच. सालगुदस्त काय झालं हे ठाऊक असल्याशिवाय सालमजकूर काय होईल ते कोण सांगणार? ज्या मुलखात पाऊस, पीक आणि वसुली दरवर्षी वेगळी, तिथे मागचा आकडा हाच हाताशी असलेला खुंटा.

या खुंट्यालाच आव्हान देण्याची कल्पना आकाराला आली अमेरिकेत, डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत. 1970 सालचं बजेट 1969 मध्ये तयार होत असताना पीटर पिर यांनी कंपनीच्या काही विभागांत ही पद्धत लावली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्थतज्ज्ञ आर्थर बर्न्स यांनी एका भाषणात तक्रार केली होती, की सरकारी खात्यांना फक्त वाढीव मागणीचं समर्थन करावं लागतं, जुन्या खर्चाबद्दल कुणी विचारत नाही. पिर यांचा लेख 1970 च्या अखेरीस ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला. तो जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांनी वाचला, पिर यांना बोलावून घेतलं आणि 1973 च्या राज्याच्या बजेटला ही पद्धत लावली. कागदांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. एका माणसाने ते सगळे वाचणं शक्यच नव्हतं. पुढे अध्यक्ष झाल्यावर कार्टर यांनी ती केंद्रातही आणली. 1981 मध्ये रेगन सरकारने ती गुंडाळली.

खरं म्हणजे इशारा आधीच मिळाला होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एकदा सगळं बजेट मुळापासून मांडून पाहिलं. एरन विल्डाव्स्की आणि आर्थर हॅमंड यांनी त्याचा अभ्यास केला. श्रम प्रचंड झाले होते, बदल नाममात्र. विल्डाव्स्कींचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: मागच्या वर्षीच्या आकड्यात कितीतरी भांडणं मिटवून ठेवलेली असतात आणि ती दरवर्षी पुन्हा उकरायला कुणाकडेच वेळ नसतो.

आपल्याकडे हा शब्द 1986 मध्ये गाजला. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने ही पद्धत स्वीकारली आणि ‘शून्याधारित अर्थसंकल्प’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी केंद्रात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ती जाहीर केली. सरकारी दप्तरात तिचा जोर पुढे ओसरला. कंपन्यांत मात्र ती परत परत येते, विशेषतः नफा घटला की.

आता ती एका विभागात कशी चालते ते पाहू. समजा, मुरबाडला दोन-तीनशे माणसांचा, बॉयलर असलेला एक कारखाना आहे. त्याच्या अ‍ॅडमिन विभागाचा खर्च गेल्या वर्षी 1 कोटी 20 लाख होता: बस 48 लाख, सिक्युरिटी 36 लाख, कॅन्टीन 24 लाख, बाकी किरकोळ 12 लाख. आठ टक्के चढवले की 1 कोटी 29 लाख 60 हजार. सही करा, पाठवा.

शून्यापासून मांडताना पहिला निर्णय असतो, कुठे मांडायचं नाही याचा. सिक्युरिटीच्या खर्चात मोठा वाटा किमान वेतन, पीएफ आणि ईएसआयचा. गेट किती आणि पाळ्या किती हे एकदा ठरलं की उरतो फक्त गुणाकार. तिथे दरवर्षी नवं कारण शोधण्यात अर्थ नाही. पिर यांनीही ही पद्धत प्रत्यक्ष उत्पादनाच्या खर्चासाठी सांगितलेली नव्हती. एका नगाला किती माल आणि किती मजुरी हे तिथे आधीच ठरलेलं असतं. त्यांचा रोख आधार देणाऱ्या कामांवर होता, जिथे ‘एवढंच का?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर नसतं. आमच्या कारखान्यात असा खर्च म्हणजे बस.

बस चार, पन्नास सीटच्या, महिन्याला एक लाखाच्या: कल्याण, शहापूर, टोकावडे आणि म्हसा. मुरबाडला रेल्वे नाही. कारखाना सुरू झाला तेव्हा माणसं लांबून आणावी लागत, म्हणून चारही मार्ग पडले. त्यानंतर गावागावांत मोटरसायकली आल्या, बस मात्र चारच राहिल्या. दरवर्षी आठ टक्के चढत गेले, बसमध्ये किती माणसं बसतात हे कुणी मोजलं नाही. म्हणून जानेवारीत एक आठवडा मोजणी झाली. कल्याणला 44, शहापूरला 31, टोकावड्याला 26 आणि म्हशाला अवघे 9.

इथून पिर यांची ‘डिसिजन पॅकेजेस’ सुरू होतात. प्रत्येक मार्गाचा एक कागद. त्यावर चार गोष्टी: हे काम कशासाठी, करण्याच्या वेगळ्या रीती कोणत्या, कमीत कमी कितीत भागेल, आणि केलंच नाही तर काय होईल. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक घाईने भरतात. नव्या दराने कल्याण आणि शहापूरची मोठी बस प्रत्येकी 13 लाख. टोकावड्याला तीस सीटची बस, 9 लाख. म्हशाच्या नऊ जणांसाठी बस बंद आणि महिना 1500 रुपये प्रवासभत्ता. वर्षाचे 1 लाख 62 हजार. एकूण 36 लाख 62 हजार. आठ टक्के चढवले असते तर 51 लाख 84 हजार झाले असते. मग विभागप्रमुख हे कागद महत्त्वाच्या क्रमाने लावतो आणि पैसे संपतात तिथे रेघ मारतो. म्हशाचा कागद सगळ्यांत खाली.

कागदावर याला तोड नाही. पण म्हशाच्या पुढे रस्ता नारिवलीकडे, सिद्धगडच्या पायथ्याला जातो. जुलैत तिथे पाऊस कोसळतो, ओढे रस्त्यावर येतात आणि पहाटे पाचला मोटरसायकल काढणं म्हणजे जिवाशी खेळ. थंडीत स्वतःच्या गाडीने येणारी माणसं पावसाळ्यात बसने येतात. बसवाल्याकडची ट्रिपशीट काढली तर गेल्या जुलैत म्हसा बसला रोज 21 माणसं दिसतात. जानेवारीची मोजणी खोटी नव्हती. ती जानेवारीची होती. बजेट दरवर्षी थंडीत होतं, म्हणून शून्यापासूनची मोजणीही थंडीतच होते, आणि पावसाळ्याचा खर्च निरुपयोगी दिसू लागतो. डिझेल जनरेटर, छपराची दुरुस्ती, पंप यांचंही असंच.

दुसरी चूक याहून लपलेली. त्या 21 मधले दोघे बॉयलर अटेंडंट आहेत. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेला माणूस हजर असावाच लागतो, ते कायद्याचंच बंधन आहे. तो आला नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर पाळी उभी. ‘केलंच नाही तर काय होईल’ या रकान्यात अ‍ॅडमिनने लिहिलं होतं, ‘थोडी गैरसोय’. बस त्याच्या बजेटमध्ये होती, बॉयलर उत्पादनाच्या. पॅकेज एका विभागाच्या चौकटीत लिहिलं की परिणाम दुसऱ्याच्या चौकटीत पडतो आणि लिहिणाऱ्याला तो दिसतच नाही. म्हणून हा रकाना ज्याला ती सेवा मिळते त्याच्याकडून भरून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कागद पुन्हा लिहिला की असा होतो: म्हशाला जून ते सप्टेंबर बावीस सीटची मिनीबस, महिना 60 हजार, म्हणजे 2 लाख 40 हजार. उरलेले आठ महिने नऊ जणांना भत्ता, 1 लाख 8 हजार. एकूण 3 लाख 48 हजार. आधीच्या कागदापेक्षा 1 लाख 86 हजार जास्त, पण क्रमात तळाचं पॅकेज आता पहिल्या दोनांत. बाकी तीन मार्गांच्या ट्रिपशीटही तपासल्या. टोकावड्याला जुलैत 29 भरले, तीस सीटची बस पुरते. चारही मार्ग मिळून 38 लाख 48 हजार. टक्के चढवण्यापेक्षा 13 लाख 36 हजार कमी, आणि ही बचत पावसाळ्यात फसणारी नाही.

एवढ्यासाठी ट्रिपशीट, मोजणी, तीन ट्रान्सपोर्टरांची कोटेशनं आणि उत्पादन विभागाशी दोन बैठका लागल्या. एका विभागातल्या एका खर्चासाठी एवढं. सगळे विभाग, सगळे खर्च, दरवर्षी असं करायला निघालात तर जॉर्जियासारखे कागदांचे ढीग होतील आणि तिसऱ्या वर्षी लोक मागच्याच वर्षीचं पॅकेज तारीख बदलून देतील. नाव शून्याचं, रीत पुन्हा आठ टक्क्यांची. हे ओळखायची सोपी खूण आहे: कागदावरचं ‘केलंच नाही तर’ हे उत्तर दोन वर्षांत शब्दशः तेच असेल, तर मोजणी झालेली नाही.

मध्यम कंपनीला झेपेल असा तोडगा म्हणजे आळीपाळीने. यंदा बस, पुढच्या वर्षी कॅन्टीन, त्यानंतर किरकोळ. ज्यांची पाळी नाही त्यांच्यावर टक्के चढवा, पण करारातला खरा दर पाहून, सरसकट आठ नव्हे. आणि जे शून्यापासून मांडलं त्याचं कारण शीटमध्ये आकड्याशेजारी लिहून ठेवा. नुसता 3 लाख 48 हजार हा आकडा पुढच्या अ‍ॅडमिनवाल्याला काहीच सांगणार नाही. त्याच्या शेजारी एवढं हवं: म्हसा, जून ते सप्टेंबर मिनीबस; जुलैत 21 माणसं, ट्रिपशीटवरून; दोघे बॉयलरवर.